पासबुकाच्या पानाचा फोटो आणि शिल्लकेची पडताळणी

पासबुक कारखान्याच्या कपाटात आणि हिशोब पाहणारा दुसऱ्या गावी, ही आता आमच्या अनेक व्यापारी व कारागीर घराण्यांची रोजची स्थिती झाली आहे. एक भाऊ पुण्या-मुंबईत कामे मिळवतो, दुसरा गावात माल तयार करतो, आणि महिनाअखेरीस पासबुकाच्या पानाचा फोटो काढून फोनवर पाठवला जातो. त्या फोटोवरून आकडे उतरवायचे, बेरजा मारायच्या आणि किती आले, किती गेले ते ठरवायचे. सोय मोठी आहे, पण फोटोवरून उतरवलेला आकडा आणि पासबुकातला आकडा एकच असेल याची खात्री कोणी द्यायची? सुदैवाने ती खात्री पासबुकाचे पानच देते. फक्त ती कशी घ्यायची हे माहीत हवे. या अंकात आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

पासबुकाच्या पानावर प्रत्येक व्यवहार खरे तर दोनदा लिहिलेला असतो. एकदा तो नावे किंवा जमा या रकान्यात उघडपणे येतो. दुसऱ्यांदा तो शिल्लकेत लपलेला असतो, कारण वरच्या ओळीची शिल्लक आणि खालच्या ओळीची शिल्लक यांतला फरक म्हणजे तीच रक्कम. वरची शिल्लक ४८,५६५ आणि खालची ४६,२०५ असेल, तर मधल्या रकान्यात काहीही दिसो वा न दिसो, खात्यातून २,३६० रुपये गेले आहेत. फोटोत रकान्यातला आकडा पुसट असला तरी शिल्लक बोलते, आणि शिल्लक पुसट असली तर रकाना बोलतो. दोन्ही सांगणारे जुळले तर ओळ बरोबर उतरली असे धरायचे. जुळले नाहीत तर आपण काहीतरी चुकीचे वाचले आहे, किंवा एखादी ओळ सुटली आहे, किंवा पानातच काही गडबड आहे.

पुढे जाण्यापूर्वी नावे आणि जमा यांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण निम्म्या चुका इथेच होतात. आपण रोजकीर्द-खतावणी ठेवतो तेव्हा बँकेत पैसे भरले की बँकेच्या खात्यावर ती रक्कम नावे टाकतो, कारण बँक आपले देणे लागते. पासबुक मात्र बँकेच्या बाजूने लिहिलेले असते. तिथे आपण भरलेले पैसे जमा रकान्यात आणि काढलेले पैसे नावे रकान्यात येतात. खतावणी लिहायची सवय असलेल्या माणसाचा हात पासबुक उतरवताना नकळत उलटा जातो. म्हणून पासबुक उतरवताना एवढेच लक्षात ठेवावे की नावे म्हणजे शिल्लक घटते आणि जमा म्हणजे शिल्लक वाढते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मिरजेत दोन भावांचा लाकडी फर्निचरचा कारखाना आहे. थोरले पुण्यात राहून कामे घेतात, धाकटे मिरजेत कारखाना सांभाळतात. दोघांच्या नावावर एक बचत खाते आहे. धाकट्याने २०२४ च्या जून महिन्याच्या पानाचा फोटो पाठवला. फोटो रात्री, फ्लॅश लावून, पासबुक हातात धरून काढलेला. पान शिवणीकडे वाकलेले, फ्लॅशचा एक पांढरा डाग वरच्या भागात, आणि छपाईची शाई जागोजागी फिकी. थोरल्यांनी तो मोठा करून पाहिला आणि वहीत असा उतरवला:

| तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| | मागील शिल्लक | | | ४२,३१५ |
| ३ जून | चेक ४१२ | ३,७५० | | ३३,५६५ |
| ५ जून | रोख भरणा | | १५,००० | ४८,५६५ |
| १२ जून | चेक ४१३ | १८,४०० | | २७,८०५ |
| १४ जून | गिऱ्हाइकाचा चेक | | २६,५०० | ५४,३०५ |
| १७ जून | यूपीआय | १,४७५ | | ५२,८३० |
| १९ जून | चेक परत | | २६,५०० | २६,३३० |
| १९ जून | बँक शुल्क | २९५ | | २६,०३५ |
| २२ जून | एनईएफटी | | ३१,२०० | ५१,२३५ |
| २५ जून | रोख काढली | १२,००० | | ४५,२३५ |
| २८ जून | चेक ४१४ | ६,३८० | | ३८,४०५ |
| ३० जून | व्याज | | २८४ | ३८,६८९ |

पैसे सोडून बाकी सगळे इथे आहे. मग थोरल्यांनी बहुतेक जण करतात तेच केले. नावे रकान्याची बेरीज मारली, ती ४२,३०० आली. जमा रकान्याची ९९,४८४ आली. मागील शिल्लकेत जमा मिळवून नावे वजा केले तर ९९,४९९ उरायला हवेत, आणि पानाच्या तळाशी आहेत ३८,६८९. म्हणजे ६०,८१० रुपयांचा फरक!

अशा वेळी फोन लावून “साठ हजार कुठे गेले?” असे विचारले जाते, आणि भावाभावांत किंवा भागीदारांत एकदा हा प्रश्न विचारला गेला की हिशोब नंतर जुळला तरी शब्द परत घेता येत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की एकूण बेरजेवरून कोणालाही काही विचारू नये. एकूण बेरीज फक्त एवढेच सांगते की कुठेतरी चूक आहे. ती एका ओळीत आहे की पाच ओळींत, वाचण्यात आहे की व्यवहारात, हे ती सांगू शकत नाही. ते ओळवार पडताळणीतून कळते.

ओळवार पडताळणीचा नियम एकच आहे, पण तो नीट पाळावा लागतो. प्रत्येक ओळीसाठी वरच्या ओळीची पानावर छापलेली शिल्लक घ्यायची, त्यातून नावे वजा करायचे किंवा जमा मिळवायचे, आणि आलेले उत्तर त्या ओळीच्या छापील शिल्लकेशी ताडून पाहायचे. जुळले तर पेन्सिलीने खूण, नाही जुळले तर समासात फरक लिहायचा. आणि मग, इथेच लोक चुकतात, पुढच्या ओळीसाठी आपले उत्तर पुढे न्यायचे नाही. पुन्हा छापील शिल्लकच घ्यायची. आपले चुकलेले उत्तर पुढे नेले तर पहिली चूक तळापर्यंत प्रत्येक ओळीत दिसत राहते आणि दुसरी चूक तिच्यात मिसळून जाते. छापील शिल्लकेपासून दरवेळी नव्याने सुरुवात केली की प्रत्येक चूक आपल्या जागीच सापडते. कॅल्क्युलेटरवर काम करणाऱ्यांनी प्रत्येक ओळीनंतर यंत्र कोरे करावे आणि छापील शिल्लक पुन्हा दाबावी. त्यात थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

थोरल्यांनी तसे केले. ३ जूनची ओळ: ४२,३१५ वजा ३,७५० म्हणजे ३८,५६५. छापील शिल्लक ३३,५६५. फरक नेमका ५,०००. पुढचे-मागचे सगळे अंक जुळतात आणि फक्त हजाराच्या घरात पाचाचा फरक आहे, तेव्हा संशय एका अंकावर जातो. आठाचा तीन वाचला तर पाचाचा फरक पडतो. साताचा एक वाचला तर सहाचा पडतो. फिक्या छपाईत आठाची डावी बाजू उडाली की तो तीनच दिसतो, आणि फ्लॅशचा डाग नेमका याच ओळीवर होता. शिल्लकांतला फरक ४२,३१५ वजा ३३,५६५ म्हणजे ८,७५०. चेक ८,७५० चा होता. चेकबुकाच्या अर्धुकावर ४१२ क्रमांकापुढे काय लिहिले आहे ते पाहिले की शंका मिटते.

५ जूनची ओळ जुळली. १२ जूनला ४८,५६५ वजा १८,४०० म्हणजे ३०,१६५ येतात, छापील २७,८०५. फरक २,३६०. हा आकडा हजार-पाचशे असा गोल नाही, एका अंकाच्या गफलतीने असा फरक पडत नाही. असा ओबडधोबड फरक दिसला की मध्ये एखादी संपूर्ण ओळ सुटली असावी असे आधी धरावे. तारखांकडे पाहिले तर ५ नंतर एकदम १२. फोटो पुन्हा मोठा करून पाहिल्यावर दोन ओळींच्या मध्ये शाईची एक अंधुक रेघ दिसली, ओळ होती, पण छापताना फीत जवळपास कोरडी पडलेली. इथे थोरल्यांनी फोन केला, पण प्रश्न वेगळा होता: “पाच ते बारा तारखेच्या मध्ये २,३६० रुपये कोणाला दिलेस?” “भाईजान, सनमायकाचे. दहा तारखेला फोनवरूनच दिले होते, बिल फायलीत आहे.” २,००० चा माल आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६०, बिलाचा आकडा तंतोतंत तोच. नेमकी रक्कम आणि आठवड्याभराची मुदत सांगून विचारले की समोरच्यालाही आठवणे सोपे जाते.

१४ आणि १७ जूनच्या ओळी जुळल्या. १९ जूनच्या पहिल्या ओळीत मात्र मोठा धक्का होता. ५२,८३० अधिक २६,५०० म्हणजे ७९,३३०, आणि छापील २६,३३०. फरक ५३,०००. एवढा मोठा फरक दिसला की घाबरण्याआधी त्याचे निम्मे करून पाहावे. ५३,००० चे निम्मे २६,५००, म्हणजे त्याच ओळीतली रक्कम. याचा अर्थ रक्कम बरोबर वाचली, रकाना चुकला. जे वजा व्हायचे ते आपण मिळवले, म्हणून फरक दुप्पट पडला. पान वाकलेले असताना काढलेल्या फोटोत नावे आणि जमा यांच्या मधली रेघ तिरकी होते, आणि खालच्या ओळींत नावेचा आकडा जमाच्या रकान्यात शिरल्यासारखा दिसतो. तपशीलही हेच सांगतो. चौदा तारखेला भरलेला गिऱ्हाइकाचा चेक वटला नाही, तेव्हा आधी जमा केलेली रक्कम बँकेने परत नावे टाकली. परत आलेला चेक जमेत कसा येईल? पण आकडे उतरवताना तपशील वाचण्याची तसदी फार थोडे घेतात.

त्याच्या खालचे २९५ रुपये जुळले. असा विचित्र आकडा दिसला की तो २५० आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी ४५ असा फोडून पाहावा. बँकेची शुल्के बहुधा अशीच येतात, आणि ओळ कसली आहे हे त्यावरून ओळखता येते. वर २६,५०० परत गेले आणि खाली शुल्क कापले, ही जोडी एकत्र पाहिली की चेक परत आल्याची कहाणी पूर्ण होते, आणि ते गिऱ्हाईक अजून २६,५०० रुपये देणे लागते हेही ध्यानात येते. बेरजेच्या गोंधळात थोरल्यांच्या वहीत ते पैसे आलेले दिसत होते. उधारीच्या वहीतून त्या गिऱ्हाइकाचे नाव त्यांनी खोडले असते तर हे नुकसान मात्र खरे झाले असते.

यानंतरची जोडी सर्वांत फसवी आहे. २२ जूनला २६,०३५ अधिक ३१,२०० म्हणजे ५७,२३५. वहीत उतरवलेली शिल्लक ५१,२३५. आपले उत्तर ६,००० ने जास्त. लगेच पुढची २५ जूनची ओळ: ५१,२३५ वजा १२,००० म्हणजे ३९,२३५, आणि छापील ४५,२३५. इथे आपले उत्तर ६,००० ने कमी. लागोपाठच्या दोन ओळींत तेवढाच फरक, एकदा जास्त आणि एकदा कमी, असे दिसले की रकमा दोन्ही बरोबर आहेत आणि मधली शिल्लक चुकीची वाचली आहे. शिल्लक दोनदा वापरली जाते, एकदा उत्तर म्हणून आणि एकदा सुरुवात म्हणून, म्हणून तिची चूक दोन ओळींत उमटते. रकमेची चूक मात्र एकाच ओळीत राहते. इथे ५७,२३५ मधला सात एकासारखा दिसला, एवढेच. एकूण बेरजेत ही चूक कधीच सापडली नसती, कारण बेरीज मधल्या शिल्लका पाहतच नाही.

राहिली २८ जूनची ओळ. ४५,२३५ वजा ६,३८० म्हणजे ३८,८५५, छापील ३८,४०५. फरक ४५०. जुन्या मुनीमांना हा आकडा पाहताच खूण पटायची. ४५० ला नऊने भाग जातो, आणि फरकाला नऊने भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले असण्याचा संभव मोठा. कारण सोपे आहे. ८३ च्या जागी ३८ लिहिले तर फरक ४५ पडतो, ७१ च्या जागी १७ लिहिले तर ५४. अंक कोणतेही घ्या, हा फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. इथे ४५० ला नऊने भागले की ५० उरतात, म्हणजे दहाच्या घरात पाचाचे अंतर असलेले दोन अंक शोधायचे. ६,३८० मध्ये तीन आणि आठ आहेतच. खरी रक्कम ६,८३०. ही चूक फोटोची नाही, हाताची आहे. फोटोत आकडा स्वच्छ होता, उतरवताना अदलाबदल झाली. मात्र एक सावधगिरी बाळगावी. १,२०० च्या जागी १२,००० असे एक शून्य जास्त पडले तरी फरक १०,८०० येतो आणि त्यालाही नऊने भाग जातो. आणि योगायोगाने भाग जाणारे फरकही असतातच. नऊचा कस दिशा दाखवतो, निकाल मात्र फोटो किंवा बिल पाहूनच द्यायचा.

व्याजाची ओळ जुळली. बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजण्याची पद्धत १ एप्रिल २०१० पासून लागू झाली, त्यामुळे हा आकडा महिन्याच्या एखाद्या शिल्लकेवरून पडताळायला जाऊ नये, जमणार नाही. आमचे अनेक वाचक व्याजाची रक्कम धंद्याच्या उत्पन्नात न धरता बाजूला काढतात. ती जरूर वेगळी लिहावी, पण पासबुकाची पडताळणी करताना ती ओळ गाळू नये, नाहीतर नेमक्या तेवढ्याच रकमेचा फरक तळाशी राहतो आणि माणूस उगाच शोधत बसतो.

आता समासातले सगळे फरक एकत्र मांडू. उत्तर जास्त आले तर अधिक, कमी आले तर उणे. ५,००० अधिक २,३६० अधिक ५३,००० अधिक ६,००० उणे ६,००० अधिक ४५०. बेरीज ६०,८१०. सुरुवातीचा जो फरक होता तोच. ओळवार फरकांची बेरीज एकूण फरकाइतकी आली पाहिजे, हा या पद्धतीचा स्वतःचा ताळा आहे. ती तशी आली नाही तर पडताळणीतच कुठेतरी बोट चुकले असे समजावे. दुरुस्त आकडे घेऊन पाहा: नावे ७६,६१०, जमा ७२,९८४, आणि ४२,३१५ अधिक ७२,९८४ उणे ७६,६१० म्हणजे ३८,६८९. एक रुपयाही गेलेला नव्हता.

फरक अधिक आहे की उणे, यालाही अर्थ आहे. आपले उत्तर छापील शिल्लकेपेक्षा जास्त आले तर एखादी नावे रक्कम सुटली किंवा कमी वाचली, अथवा जमा रक्कम जास्त वाचली. कमी आले तर उलट. शोधाची निम्मी जागा एवढ्यानेच कमी होते.

ज्यांच्या घरची मुले संगणकावर किंवा फोनवर तक्ते मांडतात, त्यांना हे काम एका सूत्रात करता येते. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे लिहावीत. नावे रकाना D, जमा E आणि शिल्लक F मध्ये घ्यावी, दुसऱ्या ओळीत मागील शिल्लक असावी, आणि तिसऱ्या ओळीच्या G मध्ये हे लिहून खालपर्यंत ओढावे:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

ज्या ओळीपुढे शून्य येईल ती जुळली. शून्य नसेल तोच समासातला फरक, अधिक-उणे खुणेसकट. पैशांच्या अपूर्णांकांत यंत्र कधी कधी बारीक कण मागे ठेवते, म्हणून दोन स्थळांपर्यंत पूर्ण करून घेतले आहे. सूत्र मांडले तरी रकमा फोटोवरून उतरवणारा हात माणसाचाच, हे विसरू नये.

या पद्धतीला काही मर्यादा आहेत, त्या सांगणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे पानाची दोन टोके. मधली शिल्लक चुकली तर ती दोन ओळींत दिसते, पण सर्वांत वरची मागील शिल्लक चुकीची वाचली तर फरक फक्त पहिल्या ओळीत पडतो आणि तो पहिल्या रकमेची चूक असल्यासारखा वाटतो. तळाच्या शिल्लकेचेही तसेच. म्हणून वरची शिल्लक आधीच्या पानाच्या तळाशी आणि तळाची शिल्लक पुढच्या पानाच्या डोक्याशी ताडून पाहावी. पासबुक भरताना पान उलटले की यंत्राकडून एखाद-दुसरी नोंद न छापता राहू शकते. मग दोन्ही पाने आपापल्या जागी बरोबर जुळतात, पण सांध्यावर फरक राहतो. तो फरक म्हणजे सुटलेल्या नोंदींची बेरीज-वजाबाकी. त्या तारखांचा खातेउतारा बँकेकडून मागून घ्यावा. नोंदींचा तपशील कळेल असा लिहावा अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना दिलेली आहे, तेव्हा नुसती सांकेतिक अक्षरे दिसली तर अर्थ विचारण्यात संकोच नको.

दुसरी मर्यादा लागोपाठच्या दोन ओळींची. मधली शिल्लक आणि दोन्ही रकमा फोटोत गेल्या असतील तर दोन्ही मिळून निव्वळ किती फरक पडला एवढेच काढता येते. १०,००० जमा आणि १२,००० नावे झाले, की नुसते २,००० नावे, हे शिल्लकेला सांगता येत नाही. तिथे अंदाजाने आकडे भरू नयेत, पान पुन्हा मागवावे.

कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टच्या खात्यात शिल्लकेपुढे नावेची खूण असते, म्हणजे आपणच बँकेचे देणे लागतो. ती शिल्लक उणे धरून मांडली की तोच नियम लागू पडतो. खूण न पाहता मांडली तर प्रत्येक ओळ दुप्पट रकमेने चुकते, आणि सगळ्याच ओळी अशा चुकल्या तर खुणेकडे पाहावे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. एखादा गिऱ्हाईक किंवा पुरवठादार पैसे दिल्याचा पुरावा म्हणून आपल्या पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवतो. फोटोत कोणी नुसती रक्कम बदलली असेल तर ती ओळ जुळणार नाही. नुसती शिल्लक बदलली असेल तर दोन ओळी जुळणार नाहीत. पण ज्याने रक्कम बदलून खालच्या सगळ्या शिल्लकाही नव्याने मांडल्या, त्याचे पान तंतोतंत जुळेल. पान जुळणे म्हणजे आकडे आपापसांत सुसंगत असणे, ते बँकेत खरे असण्याची हमी नव्हे. पैसे आले की नाही हे आपल्या स्वतःच्या खात्याच्या जमा रकान्यातच पाहायचे. आणि उलट, पान जुळले नाही म्हणून समोरच्याला लबाडही म्हणू नये. वरच्या उदाहरणात सहा ओळी जुळल्या नव्हत्या आणि एकातही लबाडी नव्हती. आधी स्वच्छ फोटो मागावा, त्यानंतरही तीच ओळ अडली तर मूळ पासबुक किंवा बँकेचा खातेउतारा पाहायला मागावा.

फोटो काढणाऱ्यालाही थोडे सांगून ठेवले तर निम्मे काम वाचते. पासबुक मेजावर सपाट ठेवून, शिवणीकडची बाजू पट्टीने दाबून, दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता फोटो घ्यावा. फोन पानाच्या बरोबर वर, समांतर धरावा, म्हणजे रकान्यांच्या रेघा तिरक्या होत नाहीत. वरची मागील शिल्लक आणि तळाची शेवटची ओळ, दोन्ही फोटोत आली पाहिजेत. पान लांब असेल तर दोन फोटो घ्यावेत, पण मधल्या दोन-तीन ओळी दोन्हींत याव्यात, म्हणजे सांधा जुळवता येतो. आणि पाठवण्यापूर्वी एकदा मोठा करून स्वतः वाचून पाहावा. जो आकडा आपल्याला वाचता येत नाही तो पुण्यात बसलेल्या भावाला कसा येणार?